कोपऱ्यात उभे राहून डॉक्टर काय लिहितात? इंटर्नच्या हिस्ट्रीचा फीडबॅक फॉर्म

वॉर्डात एक तरुण डॉक्टर रुग्णाजवळ बसून प्रश्न विचारतेय. दोन पावलं मागे दुसरे डॉक्टर हातात कागद घेऊन गप्प उभे आहेत. ते मधे बोलत नाहीत, रुग्णाला तपासत नाहीत, अधूनमधून काहीतरी टिपून घेतात. रुग्णाला वाटतं, हिची परीक्षा चालू आहे. गंमत म्हणजे तिलाही तसंच वाटत असतं. संध्याकाळी तिच्या हातात एक फॉर्म पडतो. त्यावर ‘५’ असा आकडा आणि खाली एक ओळ: ‘चांगला प्रयत्न. हिस्ट्री अधिक सखोल हवी.’

आता सखोल म्हणजे नक्की काय करायचं? उद्या सकाळी पुढच्या रुग्णासमोर बसल्यावर कोणता प्रश्न वेगळा विचारायचा? त्या ओळीत याचं उत्तर नाही. उभं राहून पाहण्यात गेलेली वीस मिनिटं त्या एका ओळीने वाया घालवली. हा फॉर्म कशासाठी असतो आणि त्यात काय लिहिलं तर तो कामाचा ठरतो, ते एका उदाहरणाच्या आधाराने पाहू.

## आधी चार शब्द

वैद्यकीय पदवीचा अभ्यास संपवून देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करत शिकणारा डॉक्टर म्हणजे इंटर्न. रुग्णाकडून आजाराची हकिगत काढून घेणं म्हणजे हिस्ट्री घेणं. इंटर्न खऱ्या रुग्णासोबत रोजचं काम करत असताना ते बघून केलेली नोंद म्हणजे कामाच्या जागचं मूल्यमापन, आणि जो बघतो तो निरीक्षक. पुढे एवढेच शब्द लागतील.

परीक्षा असतानाही हे वेगळं का लागतं, याची मांडणी वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांत केली: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष करणं. पोहण्याचं पुस्तक पाठ असणारा, प्रशिक्षकासमोर तलावाची एक फेरी मारणारा आणि पाण्यात रोज उतरणारा, हे तिघे वेगळे. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्या मोजते. प्रात्यक्षिक परीक्षा तिसरी मोजते. चौथीसाठी कामाच्या जागीच जाऊन बघावं लागतं.

पूर्वी असं बघणं म्हणजे एक परीक्षक, एक रुग्ण आणि दोनेक तासांचा कार्यक्रम असे. १९९५ मध्ये जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी त्याचं छोटं रूप मांडलं. पंधरा-वीस मिनिटं बघायचं, पाच-दहा मिनिटं बोलायचं, आणि असं वेगवेगळ्या रुग्णांसोबत पुन्हापुन्हा करायचं. त्याला मिनी-सीईएक्स म्हणतात. आज ठिकठिकाणी वापरात असलेले बरेचसे फॉर्म याच साच्याचे आहेत.

## फॉर्मवर काय काय असतं

वरच्या भागात तारीख, जागा, रुग्ण नवा की आधी येऊन गेलेला, तक्रार काय आणि केस सोपी, मध्यम की गुंतागुंतीची, हे येतं. मग आकड्यांच्या ओळी. हिस्ट्री घेणं, शारीरिक तपासणी, रुग्णाशी वागणूक, निर्णयक्षमता, समजावून सांगणं, कामाची मांडणी आणि एकूण छाप असे सात रकाने. मूळ साच्यात प्रत्येकाला १ ते ९ गुण असतात: १ ते ३ असमाधानकारक, ४ ते ६ समाधानकारक, ७ ते ९ उत्तम. शेवटी लिहायच्या जागा: काय चांगलं झालं, काय सुधारायचं, पुढे काय करायचं ठरलं. त्याखाली बघायला किती मिनिटं लागली, बोलायला किती लागली आणि दोघांच्या सह्या.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. फक्त हिस्ट्री बघितली असेल तर शारीरिक तपासणीच्या रकान्यात ‘पाहिलं नाही’ अशी खूण करायची. बरेच जण तिथे अंदाजाने ५ किंवा ६ टाकतात, कारण रकाना मोकळा दिसला की हात शिवशिवतो. न पाहिलेल्या गोष्टीचा गुण म्हणजे सरळ खोटी नोंद. दुसरी गोष्ट, गुण द्यायचे ते इंटर्नकडून या टप्प्यावर काय अपेक्षित आहे ते धरून. तज्ज्ञाच्या मापाने मोजलं तर सगळेच नापास होतील आणि आकड्याला काही अर्थ उरणार नाही.

## एक नमुना: ‘चक्कर येते’

रुग्ण ६४ वर्षांचे गृहस्थ. मांडीवर औषधांची पिशवी. इंटर्न खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. स्वतःचं नाव सांगितलं, मागे उभे असलेले डॉक्टर आपलं काम बघतायत हे सांगून परवानगी घेतली. सुरुवात छान झाली. पुढचं संभाषण निरीक्षकाने जसंच्या तसं टिपून ठेवलं.

“काका, काय त्रास होतोय?”

“डॉक्टर, आठ-दहा दिवस झाले, चक्कर येते. काल रात्री तर…”

“सगळं गरगर फिरतंय असं वाटतं का?”

“हो… म्हणजे, हो.”

तिथून गाडी कानाच्या रुळावर गेली. कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, कूस बदलताना होतं का, उलटी होते का. सहा मिनिटं हेच. मग एका दमात, “बीपी, शुगर, दमा, टीबी, ऑपरेशन वगैरे काही?” “नाही… बीपी आहे.” “गोळी चालू आहे ना?” “हो, एक घेतो.” बाराव्या मिनिटाला तिने “ठीक आहे काका, तपासून घेते” म्हटलं. कागदावर लिहिलं: दहा दिवस गरगरणं, कानाचा आजार असावा.

निरीक्षकाने फक्त दोन प्रश्न जोडले. “काका, काल रात्री काय झालं म्हणत होतात?” आणि “या पिशवीत काय काय आहे, बघू का?”

काल रात्री ते लघवीला उठले. दाराशी पोचेपर्यंत डोळ्यांसमोर अंधारी आली, दार धरलं आणि तसेच खाली बसले. डोक्याला लागलं नाही, शुद्धही हरपली नाही. पडून राहिलं की काही होत नाही. उठून उभं राहिलं की होतं. पिशवीत बीपीच्या जुन्या गोळीखेरीज आणखी एक पाकीट होतं. बारा दिवसांपूर्वी लघवीच्या त्रासासाठी सुरू झालेलं टॅमसुलोसिन. हे औषध प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करतं, पण काही जणांत उभं राहताना रक्तदाबही उतरवतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत. काकांच्या लेखी ती गोळी ‘लघवीची’ होती. बीपीच्या प्रश्नाच्या उत्तरात तिचा उल्लेख येण्याचं कारणच नव्हतं.

निदान इथे संपत नाही. झोपवून आणि उभं करून रक्तदाब मोजायचा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर शंकेला बळ मिळतं. ईसीजीही काढायचा. पण कुठे बघायचं हे आता कळलं, आणि ते कळलं दोन प्रश्नांनी.

## ‘सखोल हवी’च्या जागी काय लिहायचं

सुधारणेचा मुद्दा कामाचा व्हायचा तर त्यात चार गोष्टी लागतात: काय दिसलं किंवा ऐकू आलं, त्याने काय हुकलं, पुढच्या वेळी नेमकं काय करायचं आणि ते झालं की नाही हे कधी बघायचं. शिवणकाम शिकवणारी बाई ‘नीट शिव’ म्हणून थांबत नाही. ‘काखेजवळ कापड ओढलं गेलंय, तिथे टाका सैल घाल, परवा दाखव’ म्हणते. या रुग्णावरून फॉर्ममध्ये असं लिहिता येईल:

चांगलं झालं. बसून, रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर येऊन बोललीस. ओळख करून दिली, निरीक्षकाबद्दल सांगून परवानगी घेतली. असंच चालू ठेव.

सुधारणा १. रुग्णाचं पहिलं उत्तर ‘काल रात्री तर…’ या शब्दांवर तुटलं. अंधारी आल्याची हकिगत त्या अर्ध्या वाक्यात होती. पुढच्या वेळी पहिला खुला प्रश्न विचारून रुग्ण आपणहून थांबेपर्यंत प्रश्न नाही. थांबल्यावर ‘आणखी काही?’ हा एकच प्रश्न.

सुधारणा २. ‘चक्कर’ या शब्दाला ‘गरगरणं’ हा अर्थ तू दिलास, रुग्णाने फक्त ‘हो’ म्हटलं. शब्द सुचवायचा नाही. ‘चक्कर म्हणजे नक्की काय होतं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारायचं. मग तीन गोष्टी: काय करत असताना येते, किती वेळ टिकते, कशाने थांबते.

सुधारणा ३. औषधांचा प्रश्न आजारांच्या यादीत मिसळला आणि ‘गोळी चालू आहे ना?’वर संपला. पिशवी मांडीवर असून उघडली गेली नाही. पुढच्या वेळी औषधं वेगळी विचारायची, पाकिटं हातात घेऊन बघायची आणि ‘गेल्या महिन्याभरात नवीन काय सुरू झालं, काय बंद झालं?’ हे ठरवून विचारायचं.

ठरलं. येत्या दहा दिवसांत दुसऱ्या रुग्णाची हिस्ट्री पुन्हा बघायची. तेव्हा पहिला आणि तिसरा मुद्दा तपासायचा.

तीनच मुद्दे का? शोधायचेच तर आणखी पाच निघाले असते. शेवटी ऐकलेल्या गोष्टीचा गोषवारा रुग्णाला सांगितला नाही, कामधंदा विचारला नाही, घरी सोबत कोण आहे ते विचारलं नाही. पण आठ मुद्द्यांचा कागद हाती आला की माणूस एकही पाळत नाही. निवडताना कसोटी साधी ठेवावी: कोणत्या चुकीमुळे या रुग्णाचं निदान भरकटलं? गोषवाऱ्याच्या चुकीला आज थांबायला हरकत नाही.

## पहिल्या मुद्द्यावर एवढा जोर कशाला

कारण रुग्णाला मधेच तोडणं ही एकट्या इंटर्नची खोड नाही. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्ण भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलत होते. ‘पण बोलू दिलं तर माणूस तासभर बोलेल’ ही भीती बहुतेकांच्या मनात असते. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात रुग्णांना अडवायचं नाही असं ठरवून घड्याळ लावलं, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. म्हणजे मागितलेली सवलत दीड मिनिटाची आहे. आपल्या इंटर्नने वाचवलेली मिनिटं कानावरच्या प्रश्नांत चौपट गेली.

दुसऱ्या मुद्द्यालाही असाच आधार आहे. ‘चक्कर’ हा शब्द गरगरण्यापासून अशक्तपणापर्यंत, तोल जाण्यापासून अंधारी येण्यापर्यंत सगळ्याला पुरतो. त्यातच रुग्णाने केलेलं वर्णनही स्थिर नसतं. तोच प्रश्न काही मिनिटांनी पुन्हा विचारला तर बरेच रुग्ण वेगळं वर्णन निवडतात. त्यामानाने ‘केव्हा येते आणि किती वेळ टिकते’ याचं उत्तर भरवशाचं मिळतं. म्हणून फॉर्ममध्ये नुसतं ‘खुले प्रश्न विचार’ लिहून भागत नाही. त्या तक्रारीपुरतं कोणता प्रश्न हवा हेही लिहावं लागतं, आणि ते लिहायला निरीक्षकाला विषय येत असावा लागतो. संवादकौशल्याचं सर्वसाधारण प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला पहिला मुद्दा दिसेल. तिसरा दिसेलच असं नाही.

## बोलणं आधी, लिहिणं नंतर

फॉर्म भरून हातात देणं ही फीडबॅकची उलटी पद्धत झाली. आधी रुग्णाचं काम पुरं करायचं. जे हुकलं ते निरीक्षकाने तिथेच विचारून घ्यायचं, कारण शिकवणं रुग्णाच्या जिवावर चालत नाही. मग रुग्णाला ऐकू जाणार नाही अशा जागी, त्याच दिवशी, शक्यतो लगेच बोलायचं. आठवड्याने ‘त्या चक्करवाल्या काकांना तू काय विचारलं होतंस’ म्हटलं तर तिला आठवत नाही, आणि खरं तर निरीक्षकालाही नाही.

“तुला कसं वाटलं?”

“ठीक झालं सर. कानाचं सगळं विचारलं.”

“कान कुठून आला?”

“ते गरगरतं म्हणाले ना.”

“कोण म्हणालं? ही माझी नोंद वाच.”

ती वाचते. “…मी म्हणाले.”

“आणि त्याच्या आधी ते काय सांगत होते?”

“काल रात्री तर…” ती थांबते. “मी मधेच तोडलं.”

इथे निरीक्षकाने एकही शेरा मारलेला नाही. शब्दशः नोंद समोर ठेवली, चूक तिलाच सापडली. म्हणून बघताना ‘प्रश्न उत्तर सुचवणारा’ असा निष्कर्ष न लिहिता दोघांचे शब्द लिहावेत. निष्कर्षावर वाद घालता येतो. स्वतःच्या वाक्यावर घालता येत नाही.

एक रूढ सल्ला असा की चूक सांगताना आधी स्तुती, मग चूक, मग पुन्हा स्तुती असं करावं. त्याचा त्रास असा की दोन-तीन फॉर्मनंतर इंटर्न स्तुती ऐकणंच सोडून देते आणि ‘पण’ची वाट बघत बसते. चांगलं झालेलं खरंच चांगलं असेल तर लिहावं, आणि तेही चुकीइतकंच नेमकं लिहावं.

## ‘एवढा वेळ कुणाकडे आहे?’

गर्दीच्या ओपीडीत ही अडचण खरी आहे. पण पूर्ण हिस्ट्री बघायलाच हवी असं नाही. पहिली पाच मिनिटं किंवा फक्त औषधांचा भाग बघून त्यापुरता फॉर्म भरता येतो. बाकीच्या रकान्यांत ‘पाहिलं नाही’. यापेक्षा वाईट आणि जास्त प्रचलित मार्ग म्हणजे प्रशिक्षणाच्या शेवटच्या आठवड्यात सगळे फॉर्म एका बैठकीत भरून घेणं. ते ओळखायचं असेल तर फार शोधावं लागत नाही. तारखा वेगळ्या, शाई एक, बघायला लागलेली मिनिटं सगळीकडे १५ आणि शेरे एकमेकांच्या नकला.

## ‘कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळं वागतोच की’

वागतो. ओळख करून देणं, बसून बोलणं या गोष्टी निरीक्षक असला की हमखास सुधारतात. म्हणून त्यांचे गुण थोडे हात राखून वाचावेत. पण विचारांची सवय अशी झाकता येत नाही. बघणारा असो वा नसो, ‘गरगरतं का?’ हा प्रश्न तोंडातून निघतोच, कारण तो उत्तर सुचवतो हे तिला ठाऊकच नसतं.

## ‘एका रुग्णावरून तिला कमी ठरवणार?’

अजिबात नाही. चक्करची हिस्ट्री भरकटलेली इंटर्न तापाची हिस्ट्री उत्तम घेऊ शकते. वैद्यकीय कामात एका तक्रारीतलं कौशल्य दुसरीत आपोआप उतरत नाही. शिवाय निरीक्षक-निरीक्षकांत फरक असतो. एकाचे ५ ते दुसऱ्याचे ७. वागणूक आवडली की बाकीचे रकानेही नकळत वर चढतात, हा तर नेहमीचाच घोळ. आपल्या उदाहरणात वागणुकीला ७ योग्य आहेत, पण त्याच ओघात हिस्ट्रीलाही ७ पडले तर फॉर्म खोटं बोलेल. तिथे ४ हवेत. त्यामुळे निकाल लावायचा तर वेगवेगळ्या रुग्णांवरचे, वेगवेगळ्या निरीक्षकांचे अनेक फॉर्म एकत्र वाचावे लागतात.

ओळखीच्या मुलीला ४ द्यायला कुणाचा हात धजत नाही, म्हणून आकडे सगळीकडे ६-७ च्या आसपास गोळा होतात. ब्रिटनमधल्या फाउंडेशन प्रशिक्षणात २०१२ पासून अशा नोंदींतले आकडे काढून शब्दच ठेवले गेले. हे मला पटतं. आकडा दिसला की इंटर्न आधी तो बघते, आणि बऱ्याचदा तिथेच थांबते.

## पुढचा फॉर्म

दहा दिवसांनी दुसरा रुग्ण, तक्रार ‘दम लागतो’. निरीक्षक दुसरे असले तरी चालतील, पण मागचा फॉर्म त्यांच्या हातात हवा. तो नसेल तर ते नव्याने तीन मुद्दे काढतील आणि जुने तसेच राहतील. त्यांनी आधी दोनच गोष्टी टिपायच्या: पहिल्या उत्तराला किती सेकंद मिळाले आणि औषधांची पाकिटं हातात घेतली गेली का. समजा उत्तराला ७० सेकंद मिळाले, पाकिटं बघितली, पण ‘नवीन काय सुरू झालं’ हे विचारायचं राहिलं. मग फॉर्मवर पहिला मुद्दा ‘झाला’, तिसरा ‘अर्धा’, आणि ‘ठरलं’च्या रकान्यात पुन्हा तोच एक प्रश्न लिहायचा, पुढच्या तारखेसह.